फवारा सुटला, औषध पोहोचलं का?

पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्यातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे एक तक्रार हमखास येते : “डॉक्टर, दोन महिने पंप देतोय, पण खोकला काही हटत नाही.” या वाक्यानंतर डॉक्टरपुढे तीन वाटा असतात. औषधाची मात्रा वाढवायची, आणखी एक औषध जोडायचं, किंवा हा दमाच आहे का याचा पुन्हा विचार करायचा. तिन्ही वाटा एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. दोन महिने औषध मुलाच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचलं आणि तरीही उपयोग झाला नाही, हे ते गृहीतक. ते खरं आहे का, हे आपल्याकडे बहुतेक वेळा कोणी पाहिलेलं नसतं. चिठ्ठीवर दोन इनहेलर आणि एक स्पेसर लिहिला जातो, औषधाच्या दुकानातून खोकी घरी येतात, खोक्यात बारीक अक्षरातलं घडीचं इंग्रजी पत्रक असतं, आणि पुढचं सारं आईच्या अंदाजावर चालतं. इनहेलर शिकवण्याला आपण उपचाराला जोडलेली पुरवणी समजतो. माझं म्हणणं असं, की ते शिकवणं उपचाराच्या गाभ्यातलं आहे, किंबहुना निदानातलंही. मुलाच्या घरचे पंप कसा वापरतात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डॉक्टरला पुढचा कुठलाही निर्णय नीट घेता येत नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे आकड्यांवरून दिसतं. २०१९ सालच्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतातल्या पाहणीत नऊ शहरं होती आणि त्यांत पुणं होतं. गेल्या वर्षभरात छातीत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज श्वासावाटे स्टिरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे ज्या घरात योग्य निदान होऊन पंप पोहोचला, ते घर आधीच अपवादातलं आहे. एवढी मजल मारून औषध शेवटच्या वीतभर अंतरात, तोंड आणि घसा यांमध्येच सांडावं, यासारखी उधळपट्टी नाही.

सांडतं कसं, ते समजून घ्यायला हवं, कारण शिकवण्यातली प्रत्येक सूचना त्यातूनच येते. इनहेलरच्या धातूच्या डबीत औषध दाबाखालच्या द्रवात मिसळलेलं असतं. डबी दाबली की मोजून एक मात्रा प्रचंड वेगाने बाहेर पडते. त्या फवाऱ्यात थेंब लहानमोठे असतात. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब वेगाच्या भरात सरळ जाऊन घशावर आदळतात. त्याहून बारीक असतात तेच हवेबरोबर वळणं घेत फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. इनहेलर थेट तोंडात धरायचा तर दाबणं आणि श्वास आत घेणं एकाच क्षणी जुळावं लागतं. हे मोठ्यांनाही धड जमत नाही, चार वर्षांच्या मुलाला जमण्याचा प्रश्नच नाही. स्पेसर म्हणजे मध्ये ठेवलेली रिकामी नळी. तिच्यात फवाऱ्याचा वेग मंदावतो, द्रव उडून जाऊन थेंब बारीक होतात, जड थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात आणि उरलेला धुरळा मूल आपल्या सवडीने, नेहमीच्या श्वासांत आत घेतं. ही सवड मात्र फार मोठी नसते. नळीतला धुरळा काही सेकंदांतच खाली बसू लागतो. म्हणून आधी फवारा मारून मग स्पेसर मुलाच्या तोंडाकडे नेणं ही अगदी नेहमीची चूक. फवारा दिसतो, आवाज होतो, औषध दिल्याचं समाधान मिळतं आणि औषध बरंचसं प्लास्टिकवर राहतं.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घरचं नाही, पण पुण्यात अशी घरं भरपूर आहेत. धनकवडीतलं कुटुंब, चार वर्षांचा, १५ किलो वजनाचा मुलगा. आई-वडील दोघेही नोकरीला, दिवसभर मुलगा आजीजवळ. गेल्या वर्षी पावसाळ्यात दोनदा ॲडमिट झालेला. आता डॉक्टरांनी रोज घ्यायचा एक पंप लिहून दिला आहे, ब्युडेसोनाइड, एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक. दुसरा पंप साल्ब्युटामॉलचा, त्याच्याही एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, पण तो धाप लागली तरच. पहिल्या भेटीत शिकवणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो, नर्स असो की प्रशिक्षित समुपदेशक, काय करावं? बहुतेक जण बोलायला सुरुवात करतात. मला वाटतं सुरुवात गप्प बसून करावी. घरात पंप आधीपासून असेल तर “तुम्ही रोज कसं देता ते जरा करून दाखवा” एवढंच म्हणावं आणि मध्ये न बोलता पाहावं. त्या अर्ध्या मिनिटात जे कळतं ते प्रश्न विचारून कळत नाही, कारण “हलवून घेता ना?” असं विचारलं की उत्तर नेहमी “हो” असंच येतं.

मग दाखवायचं. पंपाचं टोपण काढून तोंडात कचरा अडकलेला नाही ना ते बघायचं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल, तर पत्रकात सांगितलेले दोन-चार फवारे हवेत सोडायचे, कारण सुरुवातीच्या फवाऱ्यांत मात्रा पूर्ण येत नाही. पंप चांगला हलवायचा. बऱ्याच पंपांत औषधाचे कण द्रवात नुसते तरंगत असतात आणि ठेवल्या जागी खाली किंवा वर साचतात. न हलवता दाबलं तर एका फवाऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी औषध येतं. पंप उभा धरून स्पेसरच्या मागच्या भोकात बसवायचा. मूल मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसलेलं हवं, आडवं नको. आता मास्क किंवा तोंडी चेहऱ्याशी नीट बसवायची, आणि मगच डबी एकदा दाबायची. एकदाच. दोन फवारे एकदम मारले तर थेंब एकमेकांवर आणि भिंतीवर आपटून वाया जातात, त्यामुळे दोन फवाऱ्यांचं औषध मिळेल या हिशेबाने दिलेलं औषध प्रत्यक्षात कमी पोहोचतं. दाबल्यावर मुलाने नेहमीसारखे पाच-सहा श्वास घ्यायचे. पाच-सहाच का, याचा हिशेब पालकांना सांगितला तर ते तो विसरत नाहीत. १५ किलोचं मूल एका साध्या श्वासात साधारण १०० मिलिलिटर हवा आत घेतं. नळीत समजा २५० मिलिलिटर हवा मावते. मास्कमधली थोडी जागा दर श्वासाला फुकट जाते आणि नळीतली हवाही एका दमात पूर्ण बदलत नाही, म्हणून दोन-तीन श्वास पुरत नाहीत. एका श्वासानंतर मास्क काढणाऱ्या घरात निम्म्याहून जास्त औषध नळीतच उरतं. दुसरा फवारा द्यायचा असेल तर पुन्हा हलवण्यापासून सुरुवात. स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरून थुंकायचं, मास्क वापरला असेल तर तोंडाभोवतीची कातडीही ओल्या फडक्याने पुसायची. नाहीतर जिभेवर पांढरे बुरशीचे ठिपके येऊ शकतात.

यात सगळ्यांत अवघड काम मास्कचं. साधारण तीन वर्षांपर्यंत मास्क लागतो, चौथ्या वर्षापासून बहुतेक मुलं तोंडी दातांत हलकी धरून ओठ मिटू शकतात. आपल्या उदाहरणातला मुलगा बरोबर या सीमेवर आहे. मास्क नाक-तोंडाभोवती हवा न सुटता बसायला हवा. बाजूला बारीक फट राहिली तर मूल नळीतली हवा ओढण्याऐवजी फटीतून खोलीतली ओढतं. हे कळतं कसं? स्पेसरच्या झडपेकडे पाहून. मुलाचा श्वास आत गेला की झडप हलते. ती हलत नसेल तर फट आहे, किंवा झडप चिकटली आहे, किंवा मूल श्वास रोखून बसलं आहे. डोळ्यांकडे धुरळा जाताना दिसला तर मास्क वरून उघडा आहे. तोंडी वापरणाऱ्या मुलांची एक वेगळीच गंमत असते : तोंडी छान धरलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि श्वास सगळा नाकाने चाललेला. बाहेरून पाहिलं तर मूल अगदी शहाण्यासारखं वाटतं, झडप मात्र ढिम्म. सुरुवातीचे काही दिवस नाक हलकेच चिमटीत धरलं की ही सवय मोडते. “झडप किती वेळा हलली?” हे मुलालाच मोजायला लावलं तर औषध घेणं त्याच्या ताब्यातलं काम होतं, आणि चार वर्षांच्या मुलाला पाचपर्यंत मोजण्यात वाटणारा अभिमान आपल्या कामी येतो.

रडण्याबद्दल एक गैरसमज जुना आहे आणि तो कधी कधी दवाखान्यातूनच पसरतो. रडताना मूल मोठा श्वास घेतं, म्हणजे औषध छान आत जातं, असा तो समज. प्रत्यक्षात रडण्यात बाहेर सोडलेला श्वास लांबलचक असतो आणि आत घेतलेला श्वास म्हणजे एक झटका. झटक्याने ओढलेली हवा वेगाने जाते आणि थेंब घशावरच बसतात. शिवाय रडणारं मूल मान फिरवतं, मास्क सुटतो. चार जणांनी हातपाय धरून दिलेला फवारा हा बहुधा न दिलेलाच फवारा असतो. झोपेत देणं सोपं वाटतं, पण मास्क लागताच बरीच मुलं दचकून जागी होतात आणि तोंड फिरवतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस औषधाशिवाय नुसता स्पेसर हाताळायला द्यावा. बाहुलीला द्यावा, बाबांना द्यावा, मग स्वतःला. दमा उसळलेला असताना मुलाने पहिल्यांदा मास्क पाहावा, ही सगळ्यांत वाईट वेळ. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे बहुतेक मुलं तो पहिल्यांदा पाहतात.

दाखवून झालं की काम संपत नाही. आता पालकांनी करून दाखवायचं, चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा दाखवायचा आणि पुन्हा करून घ्यायचं. यात कोण करून दाखवतं याला महत्त्व आहे. ओपीडीत बहुतेक वेळा आई येते, तिला शिकवलं जातं आणि ती घरी सांगते. आपल्या उदाहरणात दुपारी धाप लागली तर पंप आजीच्या हातात असणार. तिच्या बोटांत डबी दाबायची ताकद आहे का, तिला झडप दिसते का, दोन पंपांपैकी कुठला उचलायचा हे तिला कळतं का, हे सगळं आईने ऐकलेल्या माहितीतून कळणार नाही. “आजी, तुम्ही करून दाखवा बरं” असं म्हटल्यावर अनेकदा असं दिसतं, की आजी एका अंगठ्याने दाबू शकत नाहीत आणि दोन्ही हात लावले तर मास्क धरायला हात उरत नाही. उपाय साधा आहे, मूल मांडीवर पाठमोरं बसवून मास्क डाव्या तळव्याने धरायचा, डबी उजव्या हाताच्या दोन बोटांनी दाबायची. पण आजीला केबिनमध्ये बोलावलं नसतं तर हा प्रश्न कोणाच्या लक्षात आला नसता. पाळणाघरात किंवा शाळेत मूल जात असेल तर तिथल्या बाईंचंही हेच.

धुण्याची बाब लहान वाटते, पण तिथे चांगल्या, स्वच्छताप्रिय घरांचाच घोटाळा होतो. साध्या प्लास्टिकच्या स्पेसरच्या आतल्या भिंतीवर स्थिर वीज साचते, आणि कोरड्या केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसे औषधाचे बारीक कण तिला चिकटतात. म्हणून स्पेसर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे थेंब टाकून बुडवायचा, बाहेर काढून पाणी निथळू द्यायचं आणि तसाच हवेवर वाळवायचा. आतून फडक्याने पुसायचा नाही, कारण पुसलं की घासण्याने वीज परत तयार होते. गृहिणीच्या साऱ्या सवयींच्या हे विरुद्ध आहे, त्यामुळे कारण सांगितलं नाही तर ती पुसणारच. स्थिर वीज न धरणाऱ्या प्लास्टिकचे स्पेसर आता मिळतात, त्यांत ही अडचण कमी. झडप फाटली किंवा चिकटून बसली तर मात्र कुठलाही स्पेसर बदलावा लागतो.

आता दुसऱ्या भेटीकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा खरा कस तिथे लागतो. मुलाचं औषध १ जूनला सुरू झालं आणि १५ जुलैच्या रात्री खोकला वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी घरचे परत आले. पंप २०० फवाऱ्यांचा आहे आणि त्यावर आकडा दाखवणारी खिडकी आहे. हवेत सोडलेले सुरुवातीचे फवारे सोडून देऊ. ४५ दिवस, रोज दोन, म्हणजे ९० फवारे गेले असायला हवेत आणि खिडकीत ११० दिसायला हवेत. दिसतात १५५. बरोबर निम्मे गेले आहेत. डॉक्टरने न विचारता औषधाची मात्रा दुप्पट केली असती तर कागदावर ४०० मायक्रोग्रॅम चाललं असतं, आणि पुढच्या भेटीत “एवढं देऊनही कमी नाही” असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात अडचण वेगळीच निघते. आई सकाळी साडेसातला बस पकडते, मुलगा तेव्हा झोपलेला असतो, आणि आजीला वाटतं खोकला नसताना औषध कशाला. इथे उपचार वाढवायचा नसतो, फक्त वेळ बदलायची असते. दात घासायच्या ब्रशाशेजारी पंप ठेवला, उठल्यावर आधी पंप, मग दात, असा क्रम लावला की चूळ आपोआप भरली जाते आणि काम आजीकडे जातं. ज्या पंपाला खिडकी नसते त्यावर सुरू केल्याची आणि संपायची तारीख स्केचपेनने लिहावी. या मुलाचा पंप ८ सप्टेंबरच्या सुमारास, भाद्रपदाच्या आसपास, संपायला हवा. त्यानंतरही तो फुसफुसत राहील, कारण डबीत द्रव उरलेला असतो, पण त्या फवाऱ्यात औषधाचा भरवसा नसतो. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघण्याची युक्ती अजून सांगितली जाते, तिच्यावर विसंबू नये.

आजीची शंका मात्र दात घासण्याच्या क्रमाने संपत नाही. पंपाची सवय लागते, स्टिरॉइडने वाढ खुंटते, त्यापेक्षा सिरप बरं, हे तिचं म्हणणं घरोघर ऐकू येतं आणि ते अडाणीपणाचं म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. स्टिरॉइडला दुष्परिणाम असतात, हे तिला खरंच माहीत आहे. उत्तर अमेरिकेतल्या ‘कॅम्प’ या मोठ्या अभ्यासात रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षं घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आत-बाहेर ठेंगणी राहिली. हे लपवू नये. पण तुलना कशाशी करायची तेही सांगावं. धाप वाढून दवाखान्यात गेल्यावर १५ किलोच्या मुलाला तोंडाने दिलं जाणारं प्रेडनिसोलोन दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम असतं. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशेब काटेकोर ठरणार नाही. तरी पंपातले दिवसाचे २०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग, आणि सिरप किंवा गोळी आधी साऱ्या रक्तात मिसळून मग फुप्फुसात येते. सिरपचा हिशेब तर आणखी सोपा आहे, कारण तिथे औषध एकच. साल्ब्युटामॉलच्या साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये दोन मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात १००. ज्या घरात पंप ‘स्ट्राँग’ म्हणून टाळला जातो आणि सिरप चमच्याने दिलं जातं, तिथे एका चमच्यात वीस फवाऱ्यांइतकं औषध जातं, हाताला कंप सुटतो, छाती धडधडते, आणि आराम उशिरा मिळतो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की आजीला पटतो. तिला डावलून आईला पटवलं तर सकाळचा फवारा चुकतच राहतो.

दुसरी हरकत सुशिक्षित घरांतून येते : मशीनची वाफ जास्त जोरकस असते, मग ही नळी कशाला? नेब्युलायझर आवाज करतो, धूर दिसतो, दहा मिनिटं चालतो, त्यामुळे तो भारी वाटतो. कॉक्रेनच्या आढाव्यात दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये स्पेसरने दिलेलं औषध नेब्युलायझरपेक्षा कमी ठरलं नाही. उलट मुलांना तातडीच्या विभागात कमी वेळ थांबावं लागलं आणि नाडीही कमी वाढली. अर्थात, ऑक्सिजन लागण्याइतकं मूल गंभीर असेल तर गोष्ट वेगळी. पण घरी ठेवलेल्या मशीनचा खरा तोटा असा, की लाइट गेली किंवा गावाला जायचं असलं की उपचार थांबतो. किमतीचा मुद्दा मात्र खरा आहे. ज्या घराला स्पेसर परवडत नाही त्यासाठी हीदर झार यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेला, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यास आहे. त्यात अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं घट्ट भोक पाडून केलेला स्पेसर झटक्याच्या वेळी विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. भोक मोठं झालं तर मात्र त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून तो दवाखान्यातच करून द्यावा. रोटाहेलरसारखी पावडरची साधनं स्वस्त पडतात, पण पावडर मुलाच्या स्वतःच्या ओढीच्या जोरावर आत जाते. पाच वर्षांखालच्या मुलाकडे तो जोर नसतो, आणि धाप लागलेली असताना तर मोठ्या मुलाकडेही नसतो.

सगळ्यांत वजनदार हरकत डॉक्टरांची आहे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत बाहेर रांग उभी असताना हे सगळं कधी करायचं? याला माझ्याकडे गोंडस उत्तर नाही. पण एवढं म्हणता येईल, की सगळं एका दिवशी करायचं नसतं आणि सगळं डॉक्टरनेच करायचं नसतं. दाखवणं आणि करून घेणं नर्सच्या हाती उत्तम होतं. डॉक्टरने पंप घेऊन यायला सांगावं आणि दर भेटीत एक फवारा समोर देऊन बघावा, एवढंच. तो एक फवारा टाळून मात्रा वाढवली तर वाचलेली मिनिटं पुढे रात्रीच्या ॲडमिशनमध्ये खर्च होतात. दम्यासाठी तातडीच्या विभागात आलेल्या मुलांच्या घरच्यांना शिकवल्याचा परिणाम कॉक्रेनने २००९ मध्ये तपासला. ३८ अभ्यासांत मिळून पुन्हा तसं यावं लागण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं होतं. कोणत्या प्रकारचं आणि किती तासांचं शिक्षण सर्वांत चांगलं, हे मात्र त्यातून ठरवता आलं नाही. माझा भर व्याख्यानापेक्षा करून दाखवण्यावर आहे, तो त्यामुळे पुराव्यापेक्षा तर्कावर उभा आहे : हाताचं कौशल्य विसरलं जातं, आणि विसरलेलं फक्त पाहूनच कळतं. तंत्र बरोबर शिकलेले लोकही काही महिन्यांत चुकू लागतात, म्हणून एकदा शिकवून फाइलवर ‘समजावलं’ असं लिहिणं पुरत नाही. याउलट घरी पालकांचा वेळ जातो तो खोकला वाढेल या भीतीने केळं, दही आणि आइस्क्रीम बंद करण्यात. हव्या त्या गोष्टीला बोल लावणं सोपं पडतं, कारण ते करताना कोणी आपली पद्धत तपासत नाही.

हात तयार झाले की उरतो निर्णय, आणि तो कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावायचा असतो. रोजचा पंप कुठला आणि अडीअडचणीचा कुठला, हे रंगावर सोडू नये, कारण कंपनी बदलली की रंग बदलतो. अडचणीच्या पंपावर जाड चिकटपट्टी लावावी, म्हणजे आजीला चष्मा नसला तरी बोटांना कळतं. धाप लागली तर त्या पंपाचे दोन फवारे, एकेक करून, प्रत्येकाला पाच-सहा श्वास. वीस मिनिटं मूल शांत बसवून बघायचं. आराम नसेल तर पुन्हा दोन, आणि लागलेच तर वीस मिनिटांनी आणखी दोन. पहिल्या दोन तासांत सहाहून जास्त फवारे लागत असतील तर घरी थांबायचं नाही. आकडे डॉक्टर आपल्या मुलासाठी लिहून देतील ते खरे. पण मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ काळे-निळे दिसत असतील किंवा मूल पेंगायला लागलं असेल, तर वीस मिनिटांची वाट न बघता १०८ ला फोन करून निघायचं आणि वाटेत फवारे चालू ठेवायचे. आजीला वाचता येत नसेल तर ओढल्या जाणाऱ्या बरगड्या शर्ट वर करून कुठे बघायच्या, हे मुलाच्या अंगावरच दाखवून ठेवावं.

एवढं सगळं बरोबर झालं आणि तरी खोकला राहिला, तर? खिडकीत ११० च्या जागी ११० दिसले, आजीने समोर दिलेल्या फवाऱ्याला झडप पाचही वेळा हलली, मास्क कुठे उघडा नाही, आणि तरीही रोज रात्री मूल ढासून उठतं. पाच वर्षांखालची सगळी घरघर दम्याची नसते. एकाच बाजूच्या छातीत घरघर ऐकू आली तर कधी काळी श्वासनलिकेत गेलेला शेंगदाण्याचा तुकडा आठवावा लागतो. वजन वाढत नसेल, संध्याकाळी अंग कोमट लागत असेल, घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल, तर छातीचा फोटो आणि पुढच्या तपासण्या आल्या. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल असेल तर ॲडिनॉइड्स बघायला हव्यात. आता डॉक्टरने दम्यावर शंका घेतली तर ती योग्य ठरेल, आणि त्याच आधारावर मात्रा वाढवायचं ठरवलं तरी तेही योग्य ठरेल.